मामा, मामी आणि भुसभुशीत माती

माझा मामा गिलावा करणारा मिस्त्री. शहरातल्या निम्म्या भिंतींवरून त्याचा हात फिरलाय आणि त्याची त्याला एवढी घमेंड, की कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवर तळवा फिरवतो, मग खुर्चीत बसतो. "हे कुणी केलंय?" असं भुवया उडवून विचारतो, आणि यजमान बिचारा कानकोंडा होतो, जणू थापी त्याच्याच हातात होती. खांदा कुरकुरायला लागल्यावर मामाने काम सोडलं. घमेंड सोडली नाही.

मामीचं काम त्याहून मोठं. ती नावं ठेवायची. चहात पाणी जास्त, पावाला कालचा वास, भाजीत मीठ आहे पण मनापासून घातलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तिने माझ्या हातची भाजी खाऊन म्हटलेलं आहे आणि मी ते अजून विसरलेले नाही. मी त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि संध्याकाळचा चहा वर जाऊनच घेते. म्हणजे मामीच्या तोंडाचा पट्टा रोज माझ्यापर्यंत पोचायचाच.

मामा कामावरून आला की दारातच तिचा हुकूम व्हायचा. "आधी हात! सिमेंटचा वास येतोय." लग्न झाल्यापासून एक दिवस त्यात खाडा नाही. मामा बेसिनकडे जाता जाता पुटपुटायचा, "माझ्या हाताचा वास हिला जिन्यात पोचायच्या आधी येतो, पोलिसात असती तर चोरांचं काही खरं नव्हतं." मामी आतून म्हणायची, "ऐकू येतंय मला." एकूण संसार जोरात चालला होता.

मग मामीला ताप आला. चांगला सणसणीत आला, तिला आडवी करून गेला, आणि जाताना तिच्या नाकाचं आणि जिभेचं काम बरोबर घेऊन गेला. आम्हाला हे कळलं ते माझ्या गाढवपणामुळे. एका संध्याकाळी बोलण्याच्या नादात मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मामाने एक घोट घेतला आणि खिडकीकडे धावला. मामीने अख्खा कप संपवला, बशी पुसली, आणि शांतपणे म्हणाली, "चांगला आहे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मामीच्या तोंडून "चांगला आहे" हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले होते.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, वास गेला की चवही जाते, हळूहळू येईल, रोज काहीतरी उग्र वासाचं हुंगत राहा. किती हळूहळू, ते त्यांना सांगता येईना. मामीने थोडे दिवस लिंबाची साल हुंगली, लवंग हुंगली, कॉफीची बरणी नाकाशी धरली, आणि मग कंटाळून सगळं फडताळात ठेवून दिलं. त्यानंतर घरात एकच वाक्य उरलं. भाजी? चांगली आहे. पाव? चांगला आहे. मामाने मुद्दाम भात करपवला. चांगला आहे. ती खायची तेही आम्हाला बरं वाटावं म्हणून, दोन घास, आणि ताट सारून द्यायची. कपडे ढगळ व्हायला लागले. मामा बाहेरून आला की दारात थांबायचा, उगाच खाकरायचा, दोन्ही हात पुढे धरायचा. आतून काही आवाज यायचा नाही. मग तो आपणहून हात धुवायचा. मला ते बघवत नसे, खरंच सांगते.

एके दिवशी मी बाजारातून टोमॅटो आणले होते. मामीने एक उचलला, हातात फिरवला आणि म्हणाली, "लहानपणी वडिलांच्या परसात झाडावरचा तोडून खायचे मी. उन्हाने गरम झालेला. त्याची चव तेवढी अजून आठवते. बाकीच्या सगळ्या विसरायला झाल्यात."

मामाला विजेचा झटका बसावा तसा तो उठला. "गच्ची रिकामीच आहे!" असं काहीतरी ओरडला आणि चप्पल न घालता जिना चढून गेला. मी मामीला म्हटलं, "झालं. आता हा गच्चीला गिलावा करणार." मी चेष्टा केली होती. मला काय माहीत मी भविष्य सांगतेय.

आमची गच्ची म्हणजे नुसतं ऊन. सकाळी सूर्य उगवला की आधी तिथे येतो आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी तिथून जातो. टोमॅटोला ऊन लागतं हे मामाने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तो बेहद्द खूश. कुंडी विकत घेणं मात्र त्याला अपमान वाटला. "मी असताना कुंडी बाजारातून?" म्हणून त्याने जुने डबे साच्याला घेतले आणि सिमेंटच्या कुंड्या ओतल्या. एवढ्या देखण्या कुंड्या मी पाहिल्या नाहीत. बाहेरून घोटलेल्या, आतून घोटलेल्या, काठ तर असा की बोट फिरवत बसावं. फक्त भोक नव्हतं. आयुष्यभर भेगा बुजवलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं जिवावर आलं. मी फारच कटकट केली तेव्हा प्रत्येकीला एकेक पाडलं, तेही पेन्सिल जाईल न जाईल एवढं, आणि पाडताना तोंड असं केलं जणू कुणी त्याचा दात काढतंय.

मग माती. बांधकामाच्या जागेवरून चिकट लाल माती आणली आणि रेती चाळायच्या चाळणीने मैद्यासारखी चाळली. प्रत्येक खडा, प्रत्येक काडी, प्रत्येक सुकं पान वेचून फेकलं. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे बसवले, वर मातीचा थर, पाणी, आणि धुमस घेऊन धप धप धप. परत थर, परत धप धप. जमीन ठोकायचं ते अवजार मी ओळखत होते, पण मला वाटलं असेल काही शास्त्र. शेवटी त्याने वरून गिलावा घोटायचा रंधा फिरवला. माती अशी सपाट झाली की तीवर कॅरम खेळता आला असता. मामाने सपाटी मोजायला पाणसळ काढायच्या आत मी त्याला थांबवलं.

रोपवाटिकेतून रोपं आणली, कुंडीत सळईने भोकं पाडून बसवली. ही भोकं मात्र त्याने आनंदाने पाडली. पाणी घातलं तर ते वर तसंच उभं राहिलं, लख्ख. मामा म्हणाला, "बघ, एक थेंब वाया जात नाही!" माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, तेव्हा मी शहाणपणा सांगणार नाही.

रोपांनी मात्र लवकरच आपलं मत सांगितलं. वाढेनात. कोवळी पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. खालची पानं गळायला लागली. मामा रोज सकाळी वर जायचा आणि उतरताना पायऱ्या मोजल्यासारखा हळू उतरायचा. मामी विचारायची, "कशी आहेत?" तो म्हणायचा, "चांगली आहेत." या घरात तो शब्द कुणी वापरला की मला धडकीच भरायची.

शेवटी मी एक पिवळं पान तोडलं, मामाचा दंड धरला आणि त्याला रोपवाटिकेत नेलं.

ही रोपवाटिका चालवणारी बाई म्हणजे एक प्रकरण आहे. आडव्या बांध्याची, गळ्यात शिट्टी, कारण रोपवाटिका लांबलचक आणि मदतनीस नेहमी दुसऱ्या टोकाला. आवाज असा की शिट्टीची गरज का पडते हे कोडंच. तिने पान बघितलं, मामाकडे बघितलं, आणि विचारलं, "कुंडी कशाची?"

"सिमेंटची. मी स्वतः केली," मामा छाती काढून म्हणाला.

"किती पाणी मुरवलं? किती दिवस भिजत ठेवली?"

"दोन दिवस. मजबूत आहे एकदम."

"आणि माती?"

मामाने सगळं सांगितलं. चाळणी, विटांचे तुकडे, थर, धुमस. रंध्यापर्यंत येईतो बाई एका पालथ्या कुंडीवर बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. हसता हसता शिट्टी तोंडात गेली, ती वाजली, आणि लांबून मदतनीस धावत आला. त्याला हाताने परत पाठवलं.

"अहो मिस्त्री," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही टोमॅटो लावला नाही, गाडला! मुळांना हवा लागते हो. तुम्ही दाणा अन् दाणा ठोकून सगळी हवा काढून टाकलीत. चिकट माती, त्यात चाळलेली, त्यात ठोकलेली. पाणी खाली जाणार कुठून?"

"खाली विटांचे तुकडे घातलेत की, निचऱ्याला."

"सगळेच घालतात. त्याने निचरा होत नाही. पाणी बारीक मातीतून जाडसर थरात लगेच उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत तिथेच अडकतं. म्हणजे तुम्ही चिखल उचलून मुळांच्या जवळ नेलात. आणि नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, प्रत्येक पाण्याबरोबर मातीत उतरतो. टोमॅटोला किंचित आंबट माती लागते. चुना वाढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. म्हणून पान पिवळं आणि शीर हिरवी."

मामाचा चेहरा पडला. मग लाल झाला. परत येताना रस्ताभर तो म्हणत होता, "गाडला म्हणे. मी काय गाडणार! पक्कं काम कळत नाही लोकांना." पण घरी आल्यावर त्याने धुमस जिन्याखाली ठेवून दिली, हे मी पाहिलं.

आता माझा मामा अर्धं ऐकणारा माणूस. हवा हवी, एवढंच त्याने ऐकलं आणि मग असा काही हवेच्या मागे लागला की विचारू नका. कुंभाराकडून मातीच्या कुंड्या आणल्या, कारण त्या श्वास घेतात असं कुणीतरी सांगितलं. लहान आणल्या, कारण छान दिसतात. आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा तो भुसा. हलकं, मऊ, माती नावाला नाही, खत नावाला नाही. "हवाच हवा!" म्हणून त्याने टाळी वाजवली. नवी रोपं लावली आणि आम्ही वाट बघत बसलो.

सकाळी रोपं ताठ. दुपारी जेवायच्या वेळेला माना टाकलेल्या. मातीची कुंडी श्वास घेते हे खरं, पण आमच्या गच्चीच्या उन्हात ती श्वासाबरोबर पाणीही सोडते, आणि ओंजळभर भुशात पाणी राहणार तरी किती! मामा झारी घेऊन वर धावायचा. रोपं मान वर करायची. मामा खाली येऊन खुर्चीत टेकेपर्यंत परत माना खाली. वर, खाली, वर, खाली. खांद्याचं दुखणं पायांत उतरलं. त्यात वारा सुटला की त्या हलक्या कुंड्या लोळायच्या आणि आम्हाला खाली घरात गडगड ऐकू यायची. मामी वर बघून म्हणायची, "निघाली वरात." वास-चव नसली तरी जीभ अगदीच झोपली नव्हती, एवढाच दिलासा. फुलं आली चार आणि चारही गळली.

त्या दिवशी मामा जिन्यातच बसला. "तुझी मामी वाळत चाललीय," तो मला म्हणाला, "आणि मला एक टोमॅटो जमत नाही. चाळीस वर्षं मी भिंती उभ्या केल्या ना गं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी तशीच तरातरा रोपवाटिकेत गेले आणि त्या बाईला म्हटलं, "तुम्ही हसून मोकळ्या झालात. आता चला आमच्याकडे." का, कशासाठी, मामीचं काय झालंय, सगळं सांगितलं. बाईने शिट्टी गळ्यातून काढून मदतनिसाकडे दिली आणि माझ्यामागे निघाली.

गच्चीवर येऊन तिने आधी जमिनीवर तळवा टेकला आणि "आई गं!" करून उचलला. "ही गच्ची नाही, तवा आहे," ती म्हणाली. "इथे कुंडी मोठी हवी. बादलीहून मोठी. मोठ्या कुंडीत ओल टिकते आणि मुळं लगेच तापत नाहीत. मातीची मोठी कुंडी चालेल, पण गच्चीवर वजन किती होईल आणि चढवणार कोण? पत्र्याचा डबा नकोच, त्यात मुळं शिजतील. प्लास्टिकचे टब घ्या. हलके, ओल धरतात."

"मग आणू या," मामा म्हणाला.

"अडचण आहे. माझ्याकडे मोठे टब फक्त काळे आहेत. काळा रंग ऊन पितो. या उन्हात त्यातली माती हात लावू देणार नाही. पांढरे मागवावे लागतील, कधी येतील सांगता येत नाही."

मामा तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरायला लागलं जे मी मामीला ताप आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "काळं पांढरं करायचंय? फक्त रंग द्यायचाय? अहो तो माझ्या हातचा मळ!"

आणि मग आमच्या गच्चीवर जे काही झालं त्याला काम म्हणावं की धिंगाणा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मामाने काळे टब बाहेरून खरवडून घेतले, उन्हापावसात टिकणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, फक्त बाहेरून, आत एक थेंब जाऊ दिला नाही. तळाला भोकं पाडायची तर ड्रिल घेऊन एकामागून एक अशी पाडली की बाईलाच ओरडावं लागलं, "पुरे मिस्त्री, पुरे, चाळण करताय!" टब विटांवर उचलून ठेवले, पाणी वाहून जावं म्हणून, आणि सगळे भिंतीकडेने, खाली तुळई कुठून जाते ते मामाला झोपेतही सांगता येतं. मामीला आम्ही खुर्चीसकट वर आणलं आणि टाकीच्या सावलीत बसवलं.

मिश्रण करायची वेळ आली तेव्हा मामा आपलं घमेलं घेऊन आला, आणि बाई खूश झाली, कारण माप सांगणं सोपं झालं. दोन घमेली कोकोपीट, आधी भिजवून, धुऊन, पिळून, कारण त्यात खार असतो. एक घमेलं चांगलं कुजलेलं खत, काळंभोर, हातात घेतलं तर जंगलातल्या मातीचा वास येणारं. अर्धं घमेलं साधी माती, थोडं वजन यावं आणि झाड वाऱ्याने हलू नये म्हणून. आणि अर्धं घमेलं परलाइट नावाचे पांढरे हलके दाणे, हवा खेळती राहावी म्हणून. मामाने फावड्याने खालवर केलं, डोंगर केला, मध्ये खड्डा केला, परत खालवर. चुना-रेती कालवणाऱ्या माणसाचे हात ते, बघायला सुंदर.

"आता मुठीत दाबा," बाई म्हणाली. "उघडा. गोळा झाला? आता बोटाने टोचा."

मामाने टोचलं. गोळा विसकटून खाली पडला.

मामाचा चेहरा पडला. "फुटला."

"फुटायलाच हवा! हेच बरोबर!"

"म्हणजे?" मामा ओरडला. "चाळीस वर्षं जे फुटलं म्हणून मी मजुरांना शिव्या दिल्या, ते आज फुटलं म्हणून पेढे वाटायचे?"

सावलीतून एक आवाज आला. मामी हसत होती. फार मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते.

टब भरताना तर कहरच झाला. माती नुसती ओतायची, टब एकदा जमिनीवर आपटायचा, बस. दाबायचं नाही. पण मामाचे तळवे आपोआप मातीकडे जायचे. थोपटायला. नुसतं थोपटायला, त्याने शपथ घेतली. बाई ओरडायची, "हात मागे!" मामा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, वर्गाबाहेर काढल्यासारखा, आणि बाईची पाठ वळली की एक बोट पुढे. "मिस्त्री!" बोट मागे. शेवटी मामीच खुर्चीतून म्हणाली, "मी धरते यांचे हात, तुम्ही भरा." आणि खरंच उठून तिने त्याच्या मनगटांना पकडलं. मामा लाजला. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. मी आणि बाईने मिळून टब भरले, वर चार बोटं जागा सोडली पाण्यासाठी, रोपं खालच्या पानांपर्यंत खोल पुरली कारण टोमॅटोच्या देठालाच मुळं फुटतात, आणि मातीवर सुक्या पानांचं पांघरूण घातलं. ही तीच पानं, जी मामाने मागे चाळून फेकली होती.

पाणी घातलं. ते क्षणभर दिसलं, बुडबुडे आले, आणि आत गेलं. थोड्या वेळाने खालून टपटप. मामा गुडघ्यावर बसून, डोकं जमिनीला लावून ते टपटप बघत होता.

झाडं वाढली म्हणजे काय वाढली! काठ्या लावल्या त्या कमी पडल्या. देठ बोटाएवढे जाड झाले, पानांचा नुसता दाट कल्लोळ. सकाळी एकदा पोटभर पाणी घातलं की दुपारच्या तव्यावरही माना ताठ. पांढऱ्या टबाला भर उन्हात हात लावला तरी सोसवायचा. मामा रोज वर जाऊन प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटणारे आगंतुक कोंब खुडायचा, बाईने सांगितलं होतं तसं, आणि झाडांशी बोलायचा. काय बोलायचा ते मला माहीत आहे पण सांगणार नाही, त्याला लाज वाटेल. फुलं आली, टिकली, हिरव्या गोट्या झाल्या, आणि एका सकाळी सगळ्यात खालची गोटी केशरी होऊन बसली.

तिला लाल व्हायला लागले ते दिवस मी कसे काढले म्हणून सांगू! दुकानात एका आजोबांना मी दूरच्या चष्म्याऐवजी जवळचा दिला, ते दारापर्यंत जाऊन परत आले.

शेवटी मामाने तो तोडला. दुपारी, मामीने सांगितलं होतं तसा, उन्हाने गरम झालेला. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून जिना उतरला. बाईलाही मी बोलावून घेतलं होतं. मामीने तो हातात घेतला, चावा घेतला. रस हनुवटीवर ओघळला. आम्ही तिघं तोंडं उघडी टाकून उभे.

मामीने चावून चावून गिळला. आमच्याकडे बघितलं. आम्हाला बरं वाटावं म्हणून हसली.

"चांगला आहे," ती म्हणाली.

 बाईने पदर नाकाला लावला. मी बशी उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि तिथे नळ सोडून उभी राहिले. मामा नुसता "बरं" म्हणाला आणि वर निघून गेला.

बऱ्याच वेळाने तो उतरला. वर बसून त्याने कोंब खुडले होते, एका दिवशी खुडायचे त्याच्या तिप्पट, कारण हाताला दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी तोवर चहा टाकला होता. मामी दाराशेजारच्या खुर्चीत बसली होती. मामा आत आला, सवयीने उंबऱ्यात क्षणभर थांबला, आणि तिच्या शेजारच्या टेबलावरचा रिकामा कप उचलायला हात पुढे केला.

मामीने मान झटकन मागे घेतली.

"शी!" ती म्हणाली. "कसला उग्र वास मारतोय हाताला! आधी धुवून या ते."

मामा तसाच. हात हवेत. बोटं त्या कोंबांच्या रसाने हिरवीपिवळी झालेली. पहिल्या खेपेच्या त्या मरतुकड्या रोपांना कोंब फुटलेच नव्हते, दुसऱ्या खेपेला खुडण्याजोगं काही वाढलंच नव्हतं, आणि या खेपेला रोजचे थोडे कोंब खुडून झाले की तो आपणहून हात धुवायचा. आता पन्नास कोंबांचा वास त्या दहा बोटांवर होता.

"काय म्हणालीस?" मामाने विचारलं.

"हात धुवा म्हणाले. ऐकू येत नाही का? टोमॅटोच्या पाल्याचा वास आहे हा. वडिलांच्या हाताला..." आणि तिथे मामी थांबली. तिने स्वतःच मामाचा हात धरला, नाकाशी ओढला, आणि डोळे मिटून इतका लांब श्वास घेतला की मला वाटलं आता ही तो सोडणारच नाही. मग ती रडायला लागली. मामा रडायला लागला. बाई शिट्टी विसरून आली होती म्हणून तोंडानेच वाजवली. मी काय केलं ते आठवत नाही, पण चहा उतू गेला.

"उतू गेला!" मामी रडता रडता म्हणाली. "करपल्याचा वास येतोय. एक चहा धड करता येत नाही या मुलीला."

मी तिच्या गळ्यात पडले.

चव सगळी परत यायला पुढे बराच वेळ लागला. आधी आंबट कळलं, मग बाकीचं, एकेक करून. आता मामी टोमॅटोला नावं ठेवते. साल जाड आहे, बिया फार, मागच्या टबातला बरा होता. तिचं प्रत्येक वाक्य मामा मान डोलावत ऐकतो, आणि वरून उतरला की दोन्ही हात पुढे धरून दारात उभा राहतो.

"आधी हात!" आतून आवाज येतो.

"जातो गं," तो म्हणतो. पण लगेच जात नाही. ती अजून एकदा ओरडेपर्यंत तिथेच उभा राहतो.